अक्षाच्या डावीकडे

त्या रविवारी सकाळी बाबांनी बशीतले टोस्टचे दोन तुकडे खाल्ले आणि दोन तसेच ठेवून बशी पुढे सारली.

"आवडले नाहीत की विसरलात?" आई म्हणाली.

"संपवले की सगळे."

आईने बशी अर्धी फिरवली. उरलेले तुकडे त्यांच्या उजव्या हाताशी आले. "मग हे कोणाचे? माझे?"

"अरेच्चा," बाबा म्हणाले आणि तेही खाल्ले. "तुझी आई जादू शिकतेय बघ."

मुलगी तेव्हा दारात एका पायात चप्पल घालून उभी होती. तिला घाई होती. कॉलेजच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येणार होती, विभागाच्या फायली लावायच्या होत्या, आणि रविवार असूनही कॉलेजात अकराला बैठक होती. बापलेक एकाच कॉलेजात, एकाच गणित विभागात शिकवायचे. त्यावरून लोकांनी करायचे ते विनोद करून झाले होते. मुलं बाबांना 'कंपास' म्हणत, कारण ते फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायचे आणि खडूचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला बरोब्बर मिळायचं. मुलगी त्याच वर्गात दोरी आणि खडू घेऊन वर्तुळ काढायची. तिला मुलं काही म्हणत नसत, आणि हे तिला थोडं लागायचं.

"थांब," बाबा म्हणाले. "ही नमुना उत्तरं आजच द्यायचीत. पडताळणीची सही तुझी."

त्या वर्षी वक्र आलेखनाचा पेपर बाबांनी काढला होता. परीक्षा झाली होती. आता तपासणाऱ्यांसाठी नमुना उत्तरं आणि कशाला किती गुण द्यायचे ते लिहून पाठवायचं होतं. त्यावर दोन सह्या लागत. एक काढणाऱ्याची, दुसरी पडताळणाऱ्याची. पडताळणी करणारे मूळ गृहस्थ आजारी पडले होते, आणि हा विषय शिकवणारं दुसरं कोणी विभागात नव्हतं. मुख्य परीक्षकांनी हसून परवानगी दिली होती. "घरचीच कोर्टकचेरी," ते म्हणाले होते.

बाबांनी चार कागद पुढे केले. ती उभ्याउभ्याच चाळू लागली. पहिला, दुसरा. तिसऱ्या कागदावर आकृत्या होत्या. तिला बाबांचं अक्षर दिसलं आणि तिने पान उलटलं.

"नीट बघ गं. सही म्हणजे शिक्का नव्हे."

"तुम्ही काढलेली आकृती मी तपासायची म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं."

"मासेसुद्धा बुडतात कधीकधी."

"बुडा हं मग, पण बैठकीनंतर." तिने शेवटच्या पानावर त्यांच्या सहीखाली आपली सही केली, कागद पाकिटात घातले, लाख लावली. बाबा तिला पोचवायला दारापर्यंत आले आणि त्यांचा डावा खांदा चौकटीला थडकला.

"काल होतं तिथंच आहे दार," ती म्हणाली.

"बारीक झालंय."

ती हसत जिना उतरली. पाकीट तिने वाटेत तपासणी केंद्रात दिलं आणि पोच घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई त्यांना उठवायला गेली, तेव्हा त्यांच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती. दवाखान्यात दोन दिवस. मेंदूच्या उजव्या भागात, डॉक्टर म्हणाले. त्यांनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, "आधी काही जाणवलं होतं? एक-दोन दिवसांत? डाव्या बाजूच्या वस्तू लक्षात न येणं, धडकणं, ताटातलं एका बाजूचं तसंच राहणं? पेशंटला स्वतःला कळत नाही ते. त्याच्या लेखी ती बाजूच नसते."

आईने तिच्याकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत बशी होती, हे तिला स्पष्ट दिसलं.

"तसं काही नाही," मुलगीच म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

*

तीन आठवड्यांनी ती कामावर आली. पेपर तपासणी चालू होऊन चार दिवस झाले होते. रजा संपली होती, आणि घरात आईजवळ बसून तेच ते बोलणं टाळणं तिला जड जात होतं. कामाचं निमित्त बरं होतं.

तपासणी केंद्र म्हणजे परीक्षा इमारतीतला लांबलचक हॉल. टेबलांच्या चार रांगा, प्रत्येक टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, रबर, लाल पेनं, आणि दर खिडकीशी पाण्याचा जग. ती आत आली तशी हॉलमधली कुजबुज थांबली. दोघातिघांनी उठून हात धरला.

एक वयस्क परीक्षक होते, त्यांना सगळे 'दशांश' म्हणत, कारण ते अर्ध्या गुणावर समाधान मानत नसत, पाव द्यायचे. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बस. तुझ्यासाठी सोपा गठ्ठा ठेवलाय. मुलांनी काही लिहिलेलंच नाही."

ती बसली आणि पहिली उत्तरपत्रिका उघडते तोच पलीकडच्या टेबलावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या वर्षीच लागलेली एक तरुण प्राध्यापिका उभी राहिली होती. सगळे तिला नुसतं 'नवीन मॅडम' म्हणत. हातात एक उत्तरपत्रिका होती.

"सर, एक मिनिट. प्रश्न चारमध्ये ह्या मुलाला आकृतीचे शून्य गुण दिलेत. तीनपैकी शून्य. मी पुन्हा तपासायला घेतली. आकृती बरोबर आहे."

मुख्य परीक्षक व्यासपीठावर बसले होते. पंचावन्नचे, जाड चष्म्याचे, बाबांचे विद्यार्थी. मुलीला ते लहानपणापासून ओळखत. घरी ती त्यांना काका म्हणे आणि इथे सर.

"नमुन्याशी जुळते का?"

"नाही. पण बरोबर आहे."

"कुठला गट तपासलाय?"

"तुमच्या उजवीकडचा. त्या गटात सगळ्यांनाच शून्य आहे. माझ्या गटात मी पूर्ण दिले होते. म्हणजे एकच आकृती, ह्या टेबलावर तीन, त्या टेबलावर शून्य. आणि दहा गुणांच्या प्रश्नात सहा गुण आकृत्यांचे आहेत."

हॉलमध्ये पेनं थांबली. सहा गुण म्हणजे कोणाचं पास, कोणाचं नापास. अकराशे उत्तरपत्रिका होत्या, आणि गुणांची यादी संध्याकाळी पाचला वर जायची होती.

"नमुना आण," मुख्य परीक्षक म्हणाले. नवीन मॅडमने त्यांच्यापुढे झेरॉक्स ठेवला. दशांश उठले, चष्मा कपाळावर चढवून वाकले. मुलगीही उठली. तिने हा कागद त्या रविवारनंतर पाहिलेला नव्हता. खरं तर त्या रविवारीही नव्हता.

प्रश्न साधाच होता. पहिल्या भागात प्रचल t: x म्हणजे एक वजा t वर्ग, भागिले एक अधिक t वर्ग. y म्हणजे दोन t, भागिले तेच. t कुठलीही वास्तव संख्या. वक्र काढा, दिशा दाखवा. दुसऱ्या भागात ध्रुवीय समीकरण, r = a(1 − cos θ). कार्डिऑइड, हृदयाच्या आकाराचा.

बाबांच्या अक्षरातले तक्ते ठीक होते. t शून्य असताना (१, ०), एक असताना (०, १), दोन असताना (−३/५, ४/५), तीन असताना (−४/५, ३/५). शेजारी टीप: t कितीही वाढवा, वक्र (−१, ०) च्या जवळ जातो, पोचत नाही, म्हणून तिथे पोकळ टिंब. एकही चूक नाही.

आणि खाली आकृती. उभा अक्ष, आडवा अक्ष, आणि उजवीकडे एक अर्धवर्तुळ. (०, −१) पासून (१, ०) वरून (०, १) पर्यंत. बस. डावीकडे काहीच नाही. पोकळ टिंबही नाही.

"त्याखालची बघा," नवीन मॅडम म्हणाली.

कार्डिऑइडच्या जागी दोन छोटे फुगवटे होते. मूळबिंदूतून एक रेघ उजवीकडे निघून वर वळून (०, a) ला थांबली होती, दुसरी तशीच खाली. शेपटी नसलेला ३ काढावा तसा आकार.

"सरांनी सममिती वापरली असेल," दशांश म्हणाले. "अर्धा काढला, उरलेला मुलांनी ओळखावा. जागा वाचवली."

"वर्तुळाला चालेल ते," नवीन मॅडम म्हणाली. "कार्डिऑइडला नाही. θ च्या जागी वजा θ घातला तर समीकरण तेच राहतं, म्हणजे सममिती आडव्या अक्षाभोवती. अर्धा काढायचा तर वरचा अर्धा काढायला हवा. हा उजवा अर्धा आहे. आणि उजवीकडे ह्या वक्राचं काय आहे, एक चतुर्थांश a च्या पुढे तो येतच नाही. सगळं अंग डावीकडे आहे. π ला r दोन a होतो, तो डावीकडेच की."

"आम्हाला शिकवतेस होय?" दशांश हसून म्हणाले, पण हसू अर्धवट राहिलं.

"सर चुकत नाहीत," मुख्य परीक्षक हळू म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "तीस वर्षं पाहतोय मी. फळ्यावर एकदासुद्धा पुसून पुन्हा काढताना पाहिलं नाही."

मुलीने टेबलावरची पेन्सिल उचलली. कोणाची होती कोण जाणे. ती कागदावर वाकली. वरच्या फुगवट्याचं टोक (०, a) ला होतं, आणि तिथे रेघ सरळ वर जात नव्हती. डावीकडे कलून, पंचेचाळीस अंशांत, वर चढत होती. संपलेला वक्र असा संपत नाही. तो चालता चालता थांबवलेला असतो. तिने पेन्सिल त्या टोकावर टेकवली आणि पुढे नेली. एकशेवीस अंशांना दीड a. एकशेऐंशीला दोन a, आडव्या अक्षावर, उभ्या रेषेत छेदून. मग खालून परत. बाबांच्या शाईला तिची पेन्सिल मिळाली तेव्हा हृदय पुरं झालं. ते डावीकडे पडलेलं होतं, आणि कागदाचा तो सगळा भाग कोरा होता.

तिने मग पान पाहिलं. पूर्ण पान. तक्ते पानाच्या मधोमधपासून सुरू झाले होते. समीकरणं, टीप, गुण, सगळं उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने. डावा अर्धा जसा दुकानातून आणला तसाच.

त्याच्या लेखी ती बाजूच नसते.

"झेरॉक्सचा घोटाळा आहे हा," मुख्य परीक्षक एकाएकी म्हणाले. त्यांचा आवाज सुटल्यासारखा झाला. "बघा ना. डावी बाजू सगळी कोरी. मूळ कागद काचेवर सरकला असणार. डावीकडचं उमटलंच नाही." ते उठले. "बोलवा त्याला."

हॉलमध्ये हायसं झाल्याचा आवाज उठला. पेनांची टोपणं निघाली. कोणीतरी म्हणालं, "तरीच." नवीन मॅडम मात्र झेरॉक्सकडे बघतच राहिली, कारण अक्षांच्या रेषा डावीकडेही पूर्ण उमटल्या होत्या. ती काही बोलली नाही. तिच्या नोकरीला अजून वर्ष झालेलं नव्हतं.

झेरॉक्स काढणारा माणूस खालच्या खोलीतून हात पुसत आला. कंत्राटी होता. त्याला सगळे भाऊ म्हणायचे.

"भाऊ, नमुना उत्तरांच्या प्रती तुम्ही काढल्यात?"

"मीच. पन्नास."

"मशीनची डावी बाजू नीट येत नाही का?"

"येते की. सकाळी काच पुसली होती. पहिली प्रत ऑफिसातल्या साहेबांना दाखवून मगच बाकीच्या काढल्या."

"मग डावं कुठं गेलं?"

भाऊने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "जसं आलं तसं दिलं, साहेब. मी कुठं पुसतो?"

"तुम्हाला काय कळतं त्यात? निष्काळजीपणा आहे हा. अकराशे मुलांचा प्रश्न आहे. उद्या लेखी द्यावं लागेल."

"मला लिहिता येत नाही तसलं," भाऊ म्हणाला. "आणि लिहिलं तर कंत्राट जाईल ना." त्याने हे रागाने नाही, पाऊस पडेल का असं विचारावं तसं विचारलं.

"जा. बघू नंतर."

भाऊ गेला नाही. दाराशीच उभा राहिला.

मुख्य परीक्षकांनी मुलीला खुणेने बाजूच्या खोलीत बोलावलं. तिथे लोखंडी कपाट होतं. त्यांनी कुलूप काढलं, लाखेचं पाकीट बाहेर काढलं. तेच पाकीट. लाख तुटलेली होती, ऑफिसने भाऊसाठी कागद काढले तेव्हाची.

"बस."

ती बसली नाही. त्यांनी मूळ कागद टेबलावर ठेवले. तिसरं पान वर आलं. बाबांची निळी शाई. डावा अर्धा कोरा, नुसत्या अक्षाची एक रेघ त्यातून आरपार गेलेली. ती पट्टीने काढलेली होती, बाबा पट्टी टेकवली की टोकापासून टोकापर्यंत ओढत. त्या रेघेवर डावीकडे एकही खूण नव्हती. वक्राच्या टोकाशी शाईचा बारीक ठिपका साचला होता. पेन तिथे थांबलं होतं, समाधानाने, काम पुरं झाल्यावर थांबतं तसं.

मुख्य परीक्षकांनी ते पाहिलं. त्यांनी कागद पुन्हा पाकिटात सरकवले, घाईघाईने, उघड्यावर पडलेल्या माणसावर चादर ओढावी तसे.

"हे आपण दोघांनीच पाहिलंय," ते म्हणाले. "ऐक. नमुना बदलायचा तर कारण नोंदवावं लागतं, आणि पडताळणाऱ्याचं निवेदन लागतं. तू दोन ओळी लिही. मूळ आकृत्या पूर्ण होत्या, मी पडताळल्या होत्या, प्रतीत डावी बाजू आली नाही. मी खाली सही करतो. प्रश्न चारचे सगळे आकृतीगुण पुन्हा तपासू. आता साडेबारा झालेत. पन्नास जण आहोत, पाचपर्यंत होईल. मुलांचं नुकसान नाही, सरांचं नाव राहील. तुझंही."

"आणि भाऊ?"

"त्याला ताकीद देऊ. नुसती. मी सांभाळतो."

"कंत्राट जाईल म्हणतोय."

"अगं, झाकली मूठ आहे ही. उघडून काय मिळणार? गेलेल्या माणसाच्या चुकीची वर्गावर्गातून चर्चा व्हावी असं वाटतं तुला? 'कंपास' म्हणायची मुलं त्यांना. शेवटचा पेपर त्यांचा. त्यात अर्धं वर्तुळ." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला नाही सहन होणार ते. तुला होईल?"

त्यांनी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं आणि हॉलमध्ये गेले, तिला एकटीला लिहू देण्यासाठी.

ती बसली. पेन उचललं. दोन ओळींचं काम होतं. मूळ आकृत्या पूर्ण होत्या. एवढं लिहून झालं. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नवल वाटलं. मी पडताळल्या होत्या. हे लिहिताना पेन 'मी' वर थांबलं.

पडताळल्या असत्या तर काय झालं असतं? ती दारात एका चपलेवर उभी होती. तिने तिसरं पान दोन श्वास जास्त धरलं असतं, तर डोळ्यांत भरलंच असतं. शेपटी नसलेला ३ कोणाला दिसला नसता? ती म्हणाली असती, बाबा, हे काय? बाबांनी पाहिलं असतं आणि त्यांना दिसलं नसतं. म्हणाले असते, काय काय? बरोबर आहे की. आणि तेव्हा ती थांबली असती, कारण वर्तुळ अर्धं काढून ते बरोबर आहे म्हणणारा माणूस तिचा बाप नव्हता. त्या क्षणी तिने आईला हाक मारली असती. बशी, खांदा आणि आकृती या तिन्हींची मोट बांधली गेली असती. सकाळी साडेदहाला दवाखाना. पहाटे साडेपाचला नाही.

वाचले असते का? डॉक्टर ठामपणे काही म्हणाले नव्हते, तिनेही विचारलं नव्हतं. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. तिने आईला बशीचं बोलू दिलं नव्हतं. आईच्या मनातून ते जावं म्हणून नाही. बशीनंतर पुढचा प्रश्न आला असता, तुला काही दिसलं होतं का? आई तीन आठवडे एकटीच ती बशी फिरवत बसली होती, आणि तिने बसू दिली होती.

बाहेर दशांशांचा आवाज आला. "अहो भाऊ, उभे का? बसा. तुमचीही परीक्षा चाललीय का?" कोणी हसलं नाही.

तिने लिहिलेला कागद उचलला. दुसऱ्या हाताने पाकीट घेतलं आणि ती हॉलमध्ये गेली.

मुख्य परीक्षक फळ्याशी उभे होते. त्यांनी दुरुस्त नमुना काढायला घेतला होता. दोरीने वर्तुळ काढलं होतं, डावीकडे (−१, ०) ला पोकळ टिंब, घड्याळाच्या उलट्या दिशेने बाण. शेजारी कार्डिऑइडचा तक्ता. तिला पाहून त्यांनी हात पुढे केला. "झालं? दे."

तिने कागद दिला नाही. ती फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि उरलेला कार्डिऑइड पुरा केला, कारण ते आधी व्हायला हवं होतं. पाचपर्यंत अकराशे उत्तरपत्रिका पुन्हा पाहायच्या होत्या, तिच्यासाठी कोणाचा वेळ जायला नको होता. "आकृतीचे तीन गुण असे," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात निघतो तसा निघाला. "वर्तुळात पोकळ टिंबाचा एक, दिशेचा एक, वक्राचा एक. ज्यांनी टिंब भरलं त्यांना दोन. कार्डिऑइड डावीकडे पडला पाहिजे. उजवीकडे काढला असेल तर तो अधिक cos θ चा आहे, त्याला फक्त आकाराचा एक गुण. मूळबिंदूशी टोक दिसलं पाहिजे."

"पाव गुणाचं काय?" दशांश म्हणाले.

"पाव नाही, सर. आज तरी नाही."

दोघंतिघं हसले. मुख्य परीक्षकही जरा सैलावले.

मग तिने पाकिटातलं तिसरं पान काढलं आणि फळ्याच्या खालच्या कडेला टेकवून ठेवलं. मूळ पान. निळ्या शाईचं. पुढच्या रांगेतल्यांना दिसलं, मागचे उठून पुढे आले. मुख्य परीक्षक "अगं," एवढंच म्हणाले.

"झेरॉक्समध्ये काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "मूळ कागदच असा आहे. भाऊंनी जसं आलं तसं दिलं. भाऊ, तुम्ही जा."

भाऊ गेला नाही.

"ही चूक बाबांची नाही. म्हणजे हात त्यांचाच आहे, पण त्या दिवशी त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं. डोळे ठीक होते. मेंदूत आधीच सुरू झालं होतं, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कोसळले. तक्ते बघा, एक आकडा चुकलेला नाही. त्यांनी (−१, ०) लिहिलंय. फक्त तिथे काढायला गेले तेव्हा त्यांच्यासाठी ती जागा नव्हती."

नवीन मॅडमने हात तोंडावर नेला. मुख्य परीक्षक खुर्चीत बसले. त्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि त्यांचे खांदे खाली आले. "तरीच," ते स्वतःशी म्हणाले. "सर चुकतील कसे."

तिथे थांबता आलं असतं. हॉलने ते मान्य केलं होतं. बाबांचं नाव राहिलं होतं, भाऊचं कंत्राट राहिलं होतं, मुलांचे गुण राहणार होते. कोणी आणखी काही विचारलंही नसतं. दशांश डोळे पुसत म्हणाले, "बिचारे सर. आणि कुणाला कळलंही नाही."

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. मूळ आकृत्या पूर्ण होत्या. मी. तिने तो दुमडला, पुन्हा उघडला.

"निवेदनात कारण लिहावं लागतं," ती म्हणाली, "म्हणून सांगते. ह्याच्याखाली माझी सही आहे. पडताळणीची. हे पान माझ्या हातात होतं, रविवारी सकाळी दहा वाजता. ते मला म्हणत होते बघ म्हणून. मला बैठकीला उशीर होत होता." ती पानाकडे वळली. "कळलं असतं, सर. मला कळलं असतं. मी बघितलंच नाही. न बघता सही केली. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच तसं काही नाही म्हणाले. हे मी माझ्या आईलाही सांगितलेलं नाही."